रद्द झालेल्या सभेला आलेल्या बाई

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं तुमच्या ऑफिसातल्या मीटिंगांना नावं ठेवत होतात. दिवसाला चार मीटिंगा, आणि त्यातल्या तीन ईमेलवरच उरकता आल्या असत्या, असं थोरली म्हणाली. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मध्येच बोलले तर तुम्ही ऐकता थोडं आणि हसता जास्त. पण येत्या जूनमध्ये मी शिक्षण संस्थेचं काम सोडते आहे. कागदपत्रं लावून ठेवताना एक फाईल हाती आली, म्हणून हे सविस्तर लिहिते. आम्ही अशी एक सभा रद्द केली होती आणि तिचं सगळं काम ईमेलवर नेलं होतं. ते मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. जे नीट झालं, ते माझ्यामुळे झालं नाही.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी संस्थेची मानद सहसचिव झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे. संस्थेच्या जिल्ह्यात एकतीस शाळा आहेत. काही वर्ध्यातच, बाकी सेलू, देवळी, आर्वीकडच्या गावांत. दर दोन महिन्यांनी सगळ्या मुख्याध्यापकांची सभा वर्ध्याच्या कार्यालयात व्हायची. सभेची टिपणं मी काढायची, पत्रं कार्यालयातल्या लिपिक बाई पाठवायच्या. या बाई चाळिशीच्या, आंजीच्या. बोलणं वऱ्हाडी, काम चोख.

एका वर्षी फेब्रुवारीतली सभा नेमकी बारावीच्या तोंडी परीक्षांच्या दिवसांत आली. मी विषयपत्रिका लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. अकरा विषय होते. त्यांनी ती दोनदा वाचली आणि माझ्या खोलीत आल्या.

"मॅडम, एक बोलू का? अकरातले सात विषय त आपून नुसते वाचूनच दाखवतो. वाचता त त्याइलेबी येते."

मला हसू आलं, पण खरंच होतं. सात विषय म्हणजे वरून आलेली परिपत्रकं. तीन विषयांवर शाळांकडून माहिती किंवा मत हवं होतं. अकरावा एका शिक्षकाविरुद्धच्या तक्रारीचा होता. तो ईमेलवर घ्यायचा नाही, त्याच्या संबंधातल्या तिघांनाच वेगळं बोलवायचं, हे आम्ही लगेच ठरवलं. अशा गोष्टी लिहून एकतीस ठिकाणी पाठवत नाहीत.

अध्यक्षांना विचारून मी सभा रद्द केली आणि मेलचा मसुदा लिहायला बसले. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात केली. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं तरी कार्यालयात बसलं की हात असाच चालतो. बाईंनी मसुदा वाचला.

"मॅडम, बसस्टँडवर उभं राहून मोबाइल पाह्यणारा मानूस 'उपरोक्त'पाशीच गाडीत चढते."

मग त्यांनी तो नव्याने मांडला. विषयाच्याच ओळीत लिहिलं: 'शनिवारची सभा रद्द. तीन विषयांवर उत्तर हवे, शुक्रवार सायंकाळी पाचपर्यंत.' मजकुराची पहिली ओळ: 'शनिवारी वर्ध्याला येऊ नये.' त्याखाली तीन भाग. पहिल्यात फक्त माहितीचे सात विषय, परिपत्रकं सोबत जोडलेली. दुसऱ्यात शाळांकडून हवी असलेली माहिती, भरायला कोरे रकाने दिलेले. तिसऱ्यात मत विचारलेले दोन विषय, तेही हो किंवा नाही म्हणता येईल असे लिहिलेले. सगळ्यांचे पत्ते त्यांनी 'बीसीसी'च्या, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या, ओळीत टाकले, म्हणजे एकाचं 'ठीक आहे' बाकी तीस जणांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडू नये. मात्र तिसऱ्या भागातली मतं एकत्र करून सोमवारी सगळ्यांना पाठवू, असं खाली स्पष्ट लिहिलं. सभेत माणसं एकमेकांचं ऐकतात, ते इथे सुटायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी इतकी वर्षं निबंध तपासले, पण वाचणारा कुठे उभा आहे याचा विचार करून लिहिणं मी त्यांच्याकडून शिकले.

शेवटी मी माझं एक वाक्य घातलं: 'मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.' त्यांनी त्या वाक्यावर पेन्सिल ठेवली.

"सभेत गप बसलेल्याचं तोंड त दिसते, मॅडम. इथं काय दिसन?"

"अगं, नाहीतर कुणी उत्तरच देणार नाही," मी म्हटलं. वाक्य राहिलं.

सोमवारी मेल गेला. सभेला चहासोबत आलूबोंडा, म्हणजे बटाटेवडा, ठरलेला असायचा. दुपारीच एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, सभा रद्द केली ते बेस केलं. पन आलूबोंडा मेलसंग जोडलेला दिसून नाई राह्यला." त्यांना म्हटलं, पुढच्या सभेला दोन खा.

बाईंनी एकतीस शाळांची यादी छापून भिंतीला लावली. उत्तर आलं की खूण करायची. शुक्रवारी पाचला तीस खुणा झाल्या. मत विचारलेला मोठा विषय उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेचा होता: मार्चपासून सगळ्या शाळा सकाळी सातला भरवाव्यात का. तीसही उत्तरं 'होय' होती. सेलू तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेचं उत्तर नव्हतं. माझ्या वाक्याप्रमाणे तीही संमतीच. मी पर्स घेऊन निघाले होते.

बाई मात्र फोन लावत होत्या. यादीतला नंबर लागला तो शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांना. ते डिसेंबरात निवृत्त होऊन मुलाकडे अकोल्याला गेले होते. शाळेचा ईमेल अजून त्यांच्याच मोबाइलवर उघडत होता. "मेल दिसला होता," ते म्हणाले, "पन मी त आता घरी बसलो. मले काय करा लागते, म्हनून सोडून देला." आता तिथे प्रभारी मुख्याध्यापिका आहेत, एवढं त्यांनी सांगितलं आणि नंबर दिला. तो लागेना.

बाईंनी मागच्या सभेची हजेरीवही काढली. त्या शाळेच्या रकान्यात छापलेलं नाव जुनंच होतं, पण सही वेगळी होती.

"सही बदलली होती. म्या पाह्यलीच नाई," त्या म्हणाल्या. पुढची तारीख त्या सभेतच जाहीर झाली होती, म्हणजे या नव्या मुख्याध्यापिका येणार. "मॅडम, उद्या अकराले कार्यालय उघडू. बाई इतक्या दुरून येईन, अन् पुढ्यात कुलूप."

शनिवारी पावणेअकराला प्रभारी मुख्याध्यापिका आल्या. साधारण पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. रिकाम्या खुर्च्या पाहून दारातच थांबल्या. सभा रद्द झाल्याचं आम्ही त्यांना सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"मी सात वाजताच्या शाळेबद्दल बोलाले आली होती," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पलीकडच्या गोंड वस्तीवरून चौदा मुली येतात. पहिली एसटी गावात पावणेआठला पोचते. सातला शाळा म्हणजे त्यांना अंधारात जंगलाच्या कडेनं चालत यावं लागते. मागच्या वर्षी चौघींना घरच्यांनी मार्चमध्ये थांबवलं. जूनमध्ये त्या आल्याच नाहीत. एकीचं लग्न झालं."

कागदावर चौदा मुलींची नावं, वर्ग आणि गाडीच्या वेळा होत्या. अक्षर सुबक होतं.

मी विचारलं, "मागच्या सभेत का बोलला नाहीत?"

"हात वर केला होता, मॅडम. तुमी घड्याळाकडे पाह्यत होत्या."

हे मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तसंच झालं होतं. एक वाजता सभा संपवायची माझी शिस्त होती आणि मला तिचा अभिमान होता.

तरीही मी काय बोलले, तेही लिहिते. मी म्हणाले, "पण काल पाचला मुदत संपली. तीस शाळांनी होकार दिला आहे."

लिपिक बाई माझ्या समोर उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मुदत ज्याले मेल भेटला त्याच्यासाठी असते, मॅडम. ह्याइले त भेटलाच नाई."

मग मी मुदतीचा हट्ट सोडला. त्यांनी मुख्याध्यापिकांना आपल्या खुर्चीत बसवलं, शाळेसाठी नवं ईमेल खातं उघडून दिलं आणि खात्याला त्यांचाच मोबाइल नंबर जोडला. "रिटायर होताना हे पुढच्याले देऊन जाजा," असंही बजावलं. मजकूर मुख्याध्यापिकांनी स्वतः टाइप केला. एका बोटाने, पाऊण तास लागला. मी चहा करून आणला. कुणी मध्ये बोललं नाही, आणि त्यांना थांबवायला घड्याळही नव्हतं. नऊ ओळी झाल्या. त्यात एकही तक्रार नव्हती. गाडीची वेळ, मुलींची संख्या, मागच्या वर्षीच्या चौघी, आणि शेवटी 'आमच्या शाळेला आठची वेळ द्यावी' एवढंच.

कबूल केल्याप्रमाणे सोमवारी सगळ्यांची मतं एकत्र पाठवायची होती. बाईंनी या नऊ ओळी सगळ्यात वर ठेवल्या आणि खाली माझ्या संमतीने लिहिलं: 'हे वाचून आपले मत बदलत असल्यास बुधवारपर्यंत कळवावे.' मला वाटलं होतं, एखाददुसरं उत्तर येईल. बुधवारपर्यंत सात शाळांनी लिहिलं की आमच्याकडेही मुलं पहिल्या गाडीनेच येतात. दरवर्षी सगळे सात म्हणतात म्हणून आम्हीही सात लिहिलं, असं एकाने कबूल केलं. आलूबोंड्यावाल्या सरांचं उत्तर सर्वांत लांब होतं, आणि त्यात विनोद नव्हता. एका मुख्याध्यापकांनी मात्र वेळा वेगळ्या झाल्या तर तपासणीला अडचण येईल असं लिहिलं. त्यांचंही चूक नव्हतं, म्हणून प्रत्येक शाळेची वेळ आम्ही शिक्षण विभागाला आधीच लेखी कळवली.

अध्यक्षांनी निर्णय दिला: जिथे मुलं एसटीने येतात, तिथे पहिल्या गाडीनंतर शाळा भरेल.

मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. पण न आलेल्या उत्तराचा माग काढत जाणारी, आणि चूक सापडल्यावर आधी स्वतःची सांगणारी माणसं थोडी. लिपिक बाई बारावी शिकलेल्या आहेत. त्या मुख्याध्यापिकाही अशाच थोड्या माणसांतल्या. ज्या सभेत त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, तिथे पुन्हा बोलायला त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

आता आमच्या सभा वर्षातून दोनदाच होतात, ज्यांत खरोखर बोलायचं असतं त्याच. बाकीचं मेलवर जातं. संमतीचं ते वाक्य आम्ही काढून टाकलं. उत्तर आलं नाही की फोन जातो. त्या गावची शाळा मार्च-एप्रिलमध्ये अजूनही आठलाच भरते, आणि वस्तीवरच्या मुली पावणेआठच्या गाडीने येतात.