सरासरी

एकाहत्तरच्या लढाईच्या त्या डिसेंबरात जबलपुरात सगळ्यांना एकाएकी रेडिओ हवा झाला. खिडक्यांना काळे कागद चिकटवून लोक बातम्यांसाठी कान टवकारून बसत. दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांत ओव्हरटाईम चालू असल्याने हातात पैसाही होता. माझा नवरा रेडिओच्या एजन्सीत सेल्समन होता. पगार एकशे ऐंशी. महिन्याला दहा सेट विकायचेच, त्यापुढच्या प्रत्येक सेटवर पंधरा रुपये इन्सेंटिव्ह. ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मिळे. त्या महिन्यात त्याने एकतीस विकले.

मला सहावा महिना होता. पहिलं बाळ घरीच झालं आणि दोन दिवसांत घरीच गेलं. या वेळी इस्पितळातच जायचं, असं मी ठरवलं होतं, आणि त्यासाठी शंभर रुपये बाजूला हवे होते.

मी मॅट्रिक झालेली, गणितात हुशार, आणि ते मिरवायची खोडही मोठी. सहा महिन्यांचं इन्सेंटिव्ह मांडलं: तीस, पंचेचाळीस, शून्य, साठ, पंचेचाळीस आणि आता येणारे तीनशे पंधरा. सहाने भागलं. महिन्याला साडेब्याऐंशी. मग पंचवीस रुपयांच्या अंधाऱ्या खोलीत बाळाला काहून ठेवायचं? पैसे हाती यायच्या आधीच आम्ही साठ रुपये भाड्याच्या दोन खोल्या ठरवल्या. दोन महिन्यांच्या भाड्याची अनामत उधार आणून दिली, ती जानेवारीच्या वीस तारखेला फेडली. उरल्यातले शंभर इस्पितळाचे म्हणून पेटीत टाकले.

माझे बाबा खमरियाच्या अशाच एका फॅक्टरीत होते. नवं घर बघायला आले, चहा घेतला आणि माझा कागद मागून घेतला.

"यातला लढाईचा महिना काढ, अन् मग भाग."

मी भागलं. छत्तीस आले. भाडं वाढलं होतं पस्तीसने.

"ओव्हरटाईममधून पंखा घ्यावा बेटा, भाडं नाही भरावं," बाबा म्हणाले. "पंखा एकदाच घ्यावा लागते."

मला राग आला. बाबांचा नाही, स्वतःचा. पण काढला बाबांवर. "सगळं वाईटच काहून बघता तुम्ही?" ते सायकल घेऊन निघून गेले.

खरी गंमत पुढेच होती. एकतीस सेट बघून वरच्या ऑफिसने जानेवारीपासून विकायचेच सेट दहाचे वीस केले. लढाई तर संपली होती, आणि ज्यांना रेडिओ घ्यायचा त्यांनी घेऊन टाकला होता. जानेवारीत नवरा दिवसभर सायकलवर फिरे, दूर कुंडमपर्यंत बसने जाऊन आला. विकले नऊ. फेब्रुवारीच्या वीस तारखेला हाती काहीच आलं नाही.

"पुढच्या महिन्यात निघून जाईल," तो म्हणाला. "तीन पार्ट्यांशी बोलून राहिलो."

"बोलण्यानं भाडं भरलं जाते का?"

पेटीतल्या शंभराचे तोवर बहात्तर झाले होते. एकदा गहू, एकदा त्याच्या सायकलचा टायर. दर वेळी मी मनाशी म्हणे, वीस तारखेला परत टाकीन. आता टाकायला काही नव्हतं. माझी झोप उडाली. पोटातलं बाळ हललं तरी भीती वाटे, नाही हललं तरी वाटे.

मी जुन्या मालकिणीकडे गेले. खोली रिकामी होती. "आ जाओ, पर मार्च का किराया पहले," ती म्हणाली. नव्या मालकाने न सांगता सोडलं म्हणून अनामतीतून एक महिन्याचं भाडं कापलं, साठ परत केले. आठव्या महिन्यात हातगाडीच्या मागे चालत मी त्याच अंधाऱ्या खोलीत परतले. शेजारणी बघत होत्या. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण पेटीत शंभराच्या वर पैसे होते, आणि नवा कागद केला तो फक्त एकशे ऐंशीवर. इन्सेंटिव्हच्या जागी शून्य लिहिलं.

नवऱ्याला ते शून्य फार लागलं. त्याची सगळी धावपळ मी एका गोल आकड्यात पुसली, असं त्याला वाटलं असणार. मला कळत होतं, तरी मी ते खोडलं नाही.

मार्चअखेर कळा सुरू झाल्या. मिशनच्या इस्पितळात पगार बघून फी लावत. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "तनख्वाह?" मी भिंतीला धरून उभी होते. त्या महिन्यात दोन पार्ट्या खरंच जमल्या होत्या, आणि नवरा उत्साहात तेही पगारात धरून काय आकडा सांगून बसेल याचा नेम नव्हता.

"एक सौ अस्सी," तो म्हणाला.

"और कुछ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मान खाली घालून हळूच म्हणाला, "इन्सेंटिव्ह कभी आता है, कभी नहीं. उस पे घर नहीं चलता, साहब."

मी कळ सोसत त्याचा हात धरला.