चार्ज पुरायला लागला तेव्हा

माझ्या वडिलांची, अप्पांची, नाडी मधूनच फार मंद व्हायची. म्हणून मी त्यांच्या हाताला स्मार्टवॉच बांधलं होतं. नाडी ठरावीक आकड्याच्या खाली गेली की ते अप्पांच्या मनगटावर थरथरायचं आणि माझ्या फोनवर सूचना यायची. मी कलबुर्गीला, अप्पा जनवाड्याला तुरीच्या शेतात. माझं सगळं उंटावरून शेळ्या हाकणं.

चार्जिंगची वेळ ठरलेली होती. सकाळी आंघोळ करून अप्पा लिंगपूजेला बसत, तेव्हा घड्याळ काढून चार्जरवर ठेवत. तेवढ्यावर ते दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत चालायचं. अपडेट आला आणि दुपारीच बंद पडायला लागलं. अप्पा रानात, घड्याळ मेलेलं, आणि माझा जीव टांगणीला.

अपडेटनंतर एक-दोन दिवस घड्याळ आतल्या आत कामं उरकतं आणि बॅटरी जास्त खातं, हे मला ठाऊक होतं. म्हणून थांबले. आठवडा गेला तरी तेच. मग रविवारी जनवाडा गाठलं.

सेटिंग उघडली तर अपडेटने न विचारता बदल केलेले. स्क्रीन कायम चालू. रक्तातला ऑक्सिजन दिवसभर मोजणं चालू. हात उचलला की स्क्रीन उजळणंही चालू. खुरपं हातात असलेल्या माणसाचा हात किती वेळा उचलला जातो! तिन्ही बंद केली. नाडीच्या मोजणीला हात लावला नाही.

"आता पुरंल, अप्पा. दुसरं काई दाबू नका."

"व्हय गं, मी काय लेकरू हाय का?"

त्यानंतर फोनवर अप्पा रोज खुशीत. संध्याकाळी अर्ध्याहून जास्त बॅटरी! सूचना एकही नाही. मीही खूश झाले, पण दोन दिवसांनी मनात पाल चुकचुकली. घड्याळ एवढं गप्प कधीच नसायचं. सुट्टी टाकली आणि निघाले.

अप्पा बांधावर बसलेले होते, तोंड पांढरंफटक. मी मनगट धरून घड्याळ पाहिलं. बॅटरी वाचवायचा मोड चालू होता. त्यात हे घड्याळ मागच्या मागे नाडी मोजणं थांबवतं. मोजणीच नाही तर सूचना कुठून येणार? नाडीचा आलेख कोरा होता, रविवारी मी परत निघाले त्या संध्याकाळपासून.

"हे कुणी चालू केलं?"

"मीच. बॅटरी वाचायलीय म्हणलं, तुझी काळजी मिटंल."

"चक्कर आलती का?"

"आलती. तीनदा."

"मग सांगितलं कामून न्हाई तुमी?"

अप्पांनी मान खाली घातली. "पयले चक्कर यायच्या आधी ते हातावर थरथरायचं, मी खाली बसायचो. ह्या येळी ते काई बोललंच न्हाई. मला वाटलं, ही चक्कर खरी नसंल."

मी बोटांनी त्यांची नाडी धरली. पुढचा ठोका कधी येतो म्हणून वाट बघत राहिले.