तुटक रेघांचा तक्ता

आमच्या कंपनीत तीस माणसं होती तोवर तक्त्याची गरज कोणाला पडली नाही. कोण कोणाच्या हाताखाली, असं कोणी विचारलंच तर उत्तर एकच होतं, भाऊंच्या. भाऊ म्हणजे मालक. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिलची यंत्रं बनवायचा त्यांचा कारखाना, आणि अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर प्रकल्पांचं ऑफिस. पुढे धान्य साफ करायची यंत्रं आली, मग तेलघाणे आले. माणसं दीडशेवर गेली. त्यातच एका मोठ्या गिऱ्हाईकाने पुरवठादार नोंदणीच्या फॉर्मसोबत कंपनीचा संघटना तक्ता मागितला आणि भाऊंनी तो कागद माझ्याकडे सरकवला. मी मनुष्यबळ विभागाची प्रमुख. त्या विभागात प्रमुखाशिवाय दुसरं कोणी नव्हतं, पण ते मी आपण होऊन कोणाला सांगत नसे.

पुण्याला एमबीए करून आलेली मी. इतकी वर्षं हजेरी आणि सुट्यांचे अर्ज सांभाळून कंटाळले होते. आता आपल्या शिक्षणाचं चीज होणार म्हणून माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

काम सोपं नव्हतं, हे मात्र खरं. आमचे फिटर अकोल्याच्या सर्व्हिस विभागाचे. पण डाळ मिल बसवायला गेले की महिना-महिना ते अमरावतीच्या प्रकल्पप्रमुखाच्या सांगण्यावरून चालत. म्हणजे प्रत्येकाला दोन साहेब. अशा वेळी तक्त्यात खऱ्या साहेबाकडे सलग रेघ काढतात आणि कामापुरत्या साहेबाकडे तुटक. उभ्या रांगेत विभाग, आडव्या रांगेत यंत्रांचे प्रकल्प, आणि त्यांच्या चौकटीत माणसं. याला मॅट्रिक्स म्हणतात. मी तो शब्द त्या आठवड्यात इतक्यांदा उच्चारला की आमच्या अकाउंटंट बाई माझ्यासमोर चहा ठेवून गुपचूप निघून जायच्या.

भाऊंना कच्चा आराखडा दाखवला. तुटक रेघांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे प्रस्तावित रस्ते आहेत का? प्लॉटच्या लेआउटमध्ये तुटक रेघेने दाखवलेला रस्ता वीस वर्षांत होत नाही, हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. मी हसले आणि आपल्या अडाणी मालकाला समजावून सांगितलं. त्या हसण्याची आज मला लाज वाटते, कारण तेवढा महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या कोणीच विचारला नव्हता.

तक्त्याच्या तळाशी मी एक खुलासा लिहिला होता. सलग रेघेचा साहेब सुटी मंजूर करेल, बदली माणूस देईल, पगारवाढ ठरवेल. तुटक रेघेचा साहेब रोजचं काम सांगेल आणि वर्षाअखेरीस त्या माणसाबद्दल मत देईल. पण फ्लेक्स छापायला टाकताना जागा कमी पडू लागली. माझी चौकट नीट बसेना. ती मी भाऊंच्या बरोबर शेजारी ठेवली होती आणि तिच्यातून सगळ्या विभागांकडे तुटक रेघा सोडल्या होत्या. एक तर चौकट लहान करायची, नाहीतर खुलासा काढायचा. मी खुलासा काढला. एवढं तर सगळ्यांना कळतंच, असं मनाला सांगितलं.

दोन्ही ऑफिसांत फ्लेक्स लागले. मी माझ्या चौकटीशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. आईने अंगठा पाठवला.

त्यानंतर दीड महिन्याने आमचे एक जुने फिटर ऑफिसात आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. धारणीजवळच्या एका गावात महिला बचत गटाची मिनी डाळ मिल बसवून ते आदल्या दिवशीच परतले होते. हातात पेढ्यांचा डबा होता. लेकीचं साक्षगंध झालं, असं म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी साखरपुड्याचं अभिनंदन केलं आणि कार्यक्रम कसा झाला ते विचारलं.

"मले काय मालूम म्याडम," ते म्हणाले. "मी तं धारणीतच होतो."

ते चिडलेले नव्हते. पेढा टेबलावर ठेवून मी त्यांना बसायला सांगितलं.

मग एकेक कळत गेलं. काकांनी साक्षगंधाच्या दहा दिवस आधी दोन्ही साहेबांना फोन केले होते. मशीन ट्रायलवर आलं होतं, पट्टे उघडे होते, बाया आसपास वावरत होत्या. ते तसंच टाकून निघणं त्यांच्या जिवाला पटत नव्हतं. एक बदली फिटर दोन दिवसांसाठी हवा होता. पूर्वी असं काही असलं की ते सरळ भाऊंना फोन लावत आणि संध्याकाळपर्यंत माणूस जीपमध्ये बसलेला असे. या वेळी त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यात दाखवलंय तसं केलं.

मी दोन्ही साहेबांना विचारलं. प्रकल्पप्रमुख म्हणाले, आपली रेघ तर तुटक, सुटीत आपण कसं पडायचं? अकोल्याचे सर्व्हिसप्रमुख म्हणाले, रेघ सलग असली तरी माणूस त्यांच्या साइटवर, त्यांनी सांगितल्याशिवाय आपण बदली कसा पाठवायचा? दोघंही भले लोक. दोघांनीही काकांना हो म्हटलं होतं आणि दुसरा बघेल म्हणून वाट पाहिली होती. त्यांना दोष द्यायचा मी बराच प्रयत्न केला, पण फिरून सगळं माझ्या चौकटीपाशीच येत होतं. बापाविना त्या पोरीचं साक्षगंध झालं, कारण मला भाऊंच्या शेजारी ऐसपैस बसायचं होतं.

मी भाऊंना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त काकांच्या घरी फोन लावला आणि काकूंची माफी मागितली. ते ऐकत बसणं रागावण्यापेक्षा वाईट होतं.

नवा तक्ता आठवड्यात लागला. माझी चौकट इतर विभागांच्या ओळीत खाली आली आणि खुलासा मोठ्या अक्षरांत तळाशी आला. बदली माणूस कोण देणार, त्याआधी कोणाला विचारणार, किती दिवसांत, सगळं लिहिलं. काकांना मी स्वतः फ्लेक्ससमोर नेलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली, चांगलं केलं म्हणाले. मला वाटलं, निस्तरलं एकदाचं.

लग्नाला अजून तीन महिने होते तेव्हा ते सुटीचा अर्ज घेऊन आले. तीन प्रती होत्या. एक सर्व्हिसप्रमुखांच्या नावे, एक प्रकल्पप्रमुखांच्या नावे, एक माझ्या. मी म्हटलं, काका, आता तसं नाही, एकच अर्ज पुरतो, सर्व्हिसप्रमुखांना द्यायचा. भिंतीकडे बोटही दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

"असू द्या म्याडम," ते म्हणाले. "एकाच्या हातून राहून गेलं तं बाकीचे दोघं हायेत."

मी तिन्ही प्रतींवर मिळाल्याची सही केली, तारीख टाकली. काकांनी तिन्ही सह्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि ते नीट आलेत ना, ते मलाच दाखवून विचारलं.