रोज गडद येणारी रेषा

लग्नाच्या चौथ्या वर्षी, भातकापणीत, बीज सुटण्याचे दिवस दाखवणाऱ्या माझ्या लघवीच्या पट्टीवर आठवडाभर रोज दोन रेषा सारख्याच गडद उमटल्या. बीज सुटणार म्हणून नवरा भातसानगरहून रजा टाकून घरी आला. मागच्या खेपेसही असंच झालं होतं, पण दिवस गेले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, “या टायमाला दिवस गेलं नाय, तर धसईची पोरगी बघून ठेवलीय.”

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. “पट्टी बीज बघत नाही, एलएच हार्मोन बघते. ते बीज सुटण्याआधी एकदम वाढतं. तुम्हाला पीसीओएस आहे, अंडाशयाचा विकार; त्यात ते एरवीही चढलेलं राहतं. बीज वाढलेलंच नाही. उपचार आहेत.”

घरी सासूबाईंना सांगितलं.

“मंग खोटं कोण बोलतंय गो, पट्टी की तू?”

सकाळी सासूबाई धसईच्या एसटीत बसल्या.