बोर्ड गेला नव्हता

सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. ते शाळेत शिकवत नव्हते. पण चौदा मेकॅनिक त्यांच्या हाताखाली तयार झाले होते आणि कुणाचं घोडं कुठे अडलं की फोन त्यांनाच यायचा. तीस वर्षांत सरांनी बिघाड चुकीचा सांगितला असं कुणाला आठवत नव्हतं. सरांनाही नाही.

गेल्या वर्षभरात मात्र जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा होता, पण तो शर्टाच्या आतल्या खिशात पडून असायचा. गिऱ्हाइकासमोर तो काढून नाकावर चढवायचा म्हणजे आपण संपलो हे चारचौघांत कबूल केल्यासारखं त्यांना वाटे. हात सरावाचे होते, त्यामुळे अंदाजाने निभावून जात होतं.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधून तक्रार आली होती: डिशवॉशर सुरूच होत नाही. दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. आतल्या खोलीत त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. बाईंच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, म्हणून मुलाने हे मशीन घेऊन दिलं होतं.

“भाऊ, परवा नात आली होती. पाच वर्षांची आहे. ती इथे खेळत होती, तिने काहीतरी...”

“बघतो ना मावशी,” सरांनी त्यांना मध्येच तोडलं.

पॅनेलवर काहीतरी उजळलेलं होतं, पुसट, धुरकट. बटणं दाबली, मशीन ढिम्म. प्लग काढून पुन्हा लावला, तरी ढिम्मच. अजून सहा घरं बाकी होती आणि गुडघे ठणकत होते. वाकून बघायचं जिवावर आलं.

“आतला सर्किट बोर्ड गेला,” ते म्हणाले. “मागवावा लागेल. दहाबारा दिवस धरा.”

“पण एकाएकी कसा गेला हो?”

काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. “पोरांनी बटणं बडवली की बोर्ड जातोच,” असं सहज बोलून सर जिना उतरले.

बाराव्या दिवशी नवा बोर्ड घेऊन ते परत आले. मावशींनी दार उघडलं तेव्हा त्या हात पदराला पुसत होत्या. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, दोन बोटांना चिकटपट्टी होती. सिंकजवळ त्यांच्या यजमानांच्या पेजेच्या वाट्या आणि फीडिंग कप पालथे घातले होते.

“आजोबांना सारखं थोडंथोडं द्यावं लागतं. भांडी संपतच नाहीत,” त्या म्हणाल्या आणि आत आजोबांना उठवून बसवायला गेल्या.

स्वयंपाकघरात सर एकटेच उरले. दाराचे स्क्रू बारीक असल्यामुळे, कुणी बघत नाही असं पाहून, त्यांनी चष्मा लावला. आणि पॅनेलच्या कोपऱ्यात त्यांना एक चिमुकला दिवा दिसला. किल्लीच्या आकाराचा. पेटलेला.

चाइल्ड लॉक. बटणांचं कुलूप.

त्यांनी किल्लीचं बटण तीन सेकंद दाबून धरलं. दिवा विझला आणि बारा दिवस मुकी असलेली सगळी बटणं बोलायला लागली. आकड्यांच्या जागी ‘१२’ दिसत होतं. म्हणजे उशिरा सुरू होण्याचीही वेळ लावलेली होती. मशीन बारा तासांनी चालू होणार होतं. मग बारा दिवसांत एकदाही का झालं नाही? सरांनी ती वेळ शून्यावर आणली, स्टार्ट दाबलं, दार लोटलं. काहीच नाही. टक् असा आवाजही आला नव्हता. दार उघडून पाहिलं तर खालचा ट्रे पुरता आत सरकला नव्हता. बारा दिवस आतच राहिलेल्या एका झाऱ्याचा दांडा मागच्या भिंतीला टेकून ट्रेला अडवत होता. त्यामुळे दाराचा खटका बसत नव्हता. खटका बसल्याशिवाय मशीन पाणी घेत नाही, वेळेची उलटी मोजणीसुद्धा करत नाही. त्यांनी झारा आडवा ठेवला, ट्रे ढकलला, दार दाबलं. टक्. क्षणभराने आत पाणी यायला लागलं.

आधी दार, मग कुलूप, मग वेळ, आणि मगच पाना हातात. हे चौदा जणांना घोकून घ्यायला लावणारा माणूस नव्या बोर्डाचं खोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसला होता.

आवाज ऐकून मावशी लगबगीने आल्या. “अगंबाई! झालं? नवीन बसवला?”

“हो,” सर म्हणाले. “झालं.”

शब्द तोंडातून निघून गेला. मावशींनी हात जोडले. “देव तुमचं भलं करो हो.” सरांनी मान खाली घालून चष्मा खिशात कोंबला, खोकं पिशवीत टाकून ती उचलली आणि जवळजवळ पळतच खाली आले.

स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवता येईना. पिशवीतला बोर्ड खोक्यासकट तसाच होता. तो गुपचूप परत जमा करता आला असता, कुणी विचारलंही नसतं. पण डोळ्यांसमोरून त्या भेगा हलत नव्हत्या. समोरचा भाजीवाला आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. बिचारा कोथिंबिरीवर पाणी मारत होता.

ते पुन्हा तीन मजले चढले.

“काही विसरलात का भाऊ?”

“मावशी, मी खोटं बोललो. बोर्ड बदलला नाही. तो गेलाच नव्हता. कुलूप लागलं होतं, वेळ लावलेली होती आणि दार नीट बसत नव्हतं. पाच मिनिटांचं काम. मला दिसलं नाही. आणि तुम्ही सांगत होतात तेही मी ऐकून घेतलं नाही.”

मावशी खुर्चीवर टेकल्या. सरांना वाटलं, चार शिव्या घालाव्यात त्यांनी, बरं वाटेल.

“हातांचं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात पोरीने बिघडवलं. मी तसंच मुलाला सांगितलं. त्याने तिला मारलं हो. कधी हात लावत नाही तो. तेव्हापासून ती इथे यायला तयार नाही. आजीचं मशीन मी मोडलं म्हणते.”

सरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “मुलाला फोन लावून देता?” एवढंच ते म्हणाले.

पलीकडे मुलगा कामात होता. सरांनी आपली ओळख सांगितली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. “चूक माझी आहे. तुमच्या मुलीची नाही.” पलीकडून थंड आवाज आला, “आता सांगताय?” सर म्हणाले, “हो. उशीरच झाला.” तेवढ्यावर फोन बंद झाला.

मावशींनी त्यांना ना चहा विचारला, ना जा म्हटलं. थोड्या वेळाने त्या उठल्या. “मला दाखवा ते कुलूप.”

सरांनी त्यांच्यासमोर खिशातून चष्मा काढला, लावला, आणि दिवा कुठे बघायचा, बटण किती वेळ धरायचं ते दाखवलं. मावशींनी स्वतः तीनदा कुलूप लावलं, तीनदा काढलं. तिसऱ्या वेळी त्या किंचित हसल्या. “लहान मुलांनी हात लावू नये म्हणून कुलूप, आणि लावलं कुणी, तर पोरीनेच.”

संध्याकाळी नात फोनवर आली, ती फक्त आजीशी बोलायला. सर तोवर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेंटरमध्ये सगळ्या मेकॅनिकना जवळ बोलावलं आणि स्वतःच्या तोंडाने ही हकिगत सांगितली, थापेसकट. एकजण फिस्सकन हसला, बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

“हसू दे त्याला,” सर म्हणाले, आणि खोकं उघडलेलं नाही हे दाखवून बोर्ड परत जमा करायला आत गेले.