सावडीचे छत्तीस तास

आमच्या पाड्याचा पत्ता तीन ओळींचा होता. माणसाचं नाव, पाड्याचं नाव आणि मुक्काम पोस्ट आगाशी. आजोबांच्या वेळी तो तेवढाच होता, माझ्या वेळीही तेवढाच. पोस्टमन आगाशीच्या बाजारातल्या किराणा दुकानात पाड्याचं सगळं टपाल ठेवून जायचा आणि बाजाराला गेलेला कुणीही ते घेऊन यायचा. आपण कुठे राहतो हे एखाद्या कचेरीला कळवावं लागतं, ही गोष्ट वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत माझ्या कानावर आली नव्हती. कानावर आली तेव्हाही मी ती मनावर घेतली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एम. एस. करायला गेलो. पहिल्याच आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या सल्लागार बाईंनी आम्हा नव्या मुलांना एका खोलीत बसवून तीन गोष्टी सांगितल्या. दर सत्राला पूर्ण विषय घ्यायचे, आमच्यासाठी म्हणजे नऊ क्रेडिट, आणि नोंदणीचं कार्ड कार्यालयात आणून द्यायचं. वर्ग चालू असताना आवारातलं काम आठवड्याला वीस तासांच्या वर करायचं नाही. आणि घर बदललं तर दहा दिवसांच्या आत इमिग्रेशनला फॉर्म पाठवायचा व या कार्यालयालाही नवा पत्ता द्यायचा. बाईंचा आवाज मऊ होता, पण बोलणं सरकारी. मी मनात म्हटलं, एवढं तर आमच्या पाड्यावरचं शेंबडं पोरही पाळेल. तोंडाने मोठा आणि कानाने बारीक, असं बाबा मला उगाच म्हणत नसत.

पहिली गोष्ट मी चोख पाळली. नोंदणीचं कार्ड दर सत्राला पहिल्या दिवशी नेऊन देत होतो. ग्रंथालयात मला पुस्तकं जागेवर लावायचं काम होतं, तेही बरोबर वीस तास. जानेवारीत मात्र मी वसतिगृह सोडून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली. नवा पत्ता कुणालाच दिला नाही, कारण द्यायची गरजच वाटली नाही. घरची पत्रं मी आधीपासून आमच्या विभागाच्या पत्त्यावर मागवत होतो. तिथे भिंतीत माझ्या नावाचा खण होता आणि बाबांचं हवाई टपालाचं पत्र त्यात नेमानं येऊन पडे. आगाशीचं किराणा दुकान मी सातासमुद्रापलीकडे शोधून काढलं होतं आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता.

मार्चमध्ये माझ्या मित्राचा पाय मोडला. हा मित्र नायजेरियाचा, माझ्याच वर्गातला. विद्यापीठाच्या भोजनगृहात तो भांडी धुण्याचं काम करायचा. बर्फावरून घसरला, घोट्याच्या वर हाड मोडलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. आठवड्यातल्या दोन पाळ्या मिळून त्याचं सहा तासांचं काम होतं. ते हातचं गेलं असतं तर खोलीचं भाडं कुठून आणायचं, हीच त्याला चिंता. मी म्हटलं, तू पडून राहा, तुझ्या पाळ्या मी करतो.

आमच्याकडे याला सावड म्हणतात. खाडीकाठची आमची भातशेती. लावणीच्या दिवसांत आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या शेतात सगळे. एखाद्या घरात आजारपण असलं तर त्याची लावणी आधी. सावडीची मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही, आणि तास तर कुणीच मोजत नाही. माझ्या डोक्यात ते भांडी धुणं म्हणजे सावडच होती. काम मी ग्रंथालयात करत होतो. भोजनगृहात मी मित्राच्या शेतात उतरलो होतो.

भोजनगृहाचा मुकादम सरळ माणूस. जो उभा आहे त्याच्या नावानं कार्ड, असा त्याचा खाक्या. त्याने माझ्या नावाचं कार्ड काढलं. मी दर पाळीला त्यावर वेळेचा शिक्का मारत होतो आणि पगार आला की मित्राच्या हातात देत होतो. वीस आणि सहा यांची बेरीज करायचं माझ्या मनातही आलं नाही. इंजिनिअरिंग शिकायला गेलेल्या माणसाला ही बेरीज सुचू नये, याची लाज मला अजून वाटते.

बेरीज विद्यापीठाच्या पगारखात्याने केली. पहिल्या पंधरवड्याच्या यादीत माझ्या नावापुढे आठवड्याचे सव्वीस तास दिसले आणि ती यादी सल्लागार बाईंकडे गेली. त्यांनी लगेच पत्र टाकलं. जास्तीचं काम ताबडतोब थांबवा आणि दहा दिवसांत येऊन भेटा. पत्र गेलं वसतिगृहाच्या खोलीवर. तिथे आता दुसरंच कुणी राहत होतं. ते पत्र शिक्का बसून परत आलं. मग बाईंनी माझ्या फाइलमधला कायमचा पत्ता पाहिला आणि त्या पत्राची प्रत विमानाने पाठवली, मुक्काम पोस्ट आगाशी.

इकडे मी भांडी धुतच होतो.

ते पाकीट किराणा दुकानात आलं तेव्हा बाबा स्वतः बाजारात होते. परदेशी छापाचं पाकीट पाहून दुकानदाराने ते आधी त्यांच्या हातात दिलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते तडक शाळेतल्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी दोनदा वाचलं आणि सांगितलं, ''मुलगा कुठे राहतो ते विद्यापीठाला माहीत नाही, असं लिहिलंय.'' बाबांनी एवढंच ऐकलं. पुढचं तासांचं त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. आई मला नंतर म्हणाली, ''दुपारचे जेवले नाहीत. पोरगा हरवला म्हनून बसून राहिले.'' मग गुरुजींनी मजकूर लिहून दिला आणि बाबांनी पोस्टात जाऊन तार केली.

तार विभागातल्या माझ्या खणात आली. विद्यापीठाचं पत्र इकडे आलं आहे, ताबडतोब कार्यालयात जा, खुशाली कळव. ज्या विद्यापीठाला मी सापडत नव्हतो, त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतीत आगाशीच्या तारेला मी सापडलो होतो. पण तोवर सहा आठवडे झाले होते. सहा आठवडे आणि छत्तीस तास.

मी कार्यालयात गेलो तो भांडायच्या तयारीने. बाईंनी माझी फाइल उघडली. नोंदणीची कार्डं एकाखाली एक नीट लावलेली होती, नऊ क्रेडिट, निबंधकाचा शिक्का. त्यांनी ती बाजूला ठेवली. ''इथे काही अडचण नाही,'' त्या म्हणाल्या. मग पगारखात्याची यादी पुढे केली.

''विभागाला एक फोन केला असता तर मी सापडलो असतो,'' मी म्हणालो.

''पत्ते विभाग ठेवत नाही, हे कार्यालय ठेवतं. आणि बदललेला पत्ता कळवायचं काम तुमचं होतं.''

मी सावड समजावून सांगायचा प्रयत्न केला. शेत, लावणी, आजारी शेजारी. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, ''मला कळतंय. पण कार्ड तुमच्या नावाचं आहे, पगार तुमच्या नावाने निघाला आहे. पहिल्या पंधरवड्यावर थांबला असतात तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. सहा आठवड्यांनंतर तुम्ही नियमात आहात असं मी सहीनिशी लिहू शकत नाही.''

विद्यार्थ्याचा दर्जा परत मिळावा म्हणून इमिग्रेशनकडे अर्ज करता येतो, हे मी ऐकून होतो. बाईंनी नकारार्थी मान हलवली. परवानगीवाचून जास्त काम केलेल्याला तो रस्ता बंद होता. एकच वाट उरत होती. देशात परत जायचं, नवा आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यापीठाचा व्हिसासाठीचा प्रवेश-दाखला, घेऊन वकिलातीत नव्याने व्हिसा मागायचा, आणि विचारलं तर खरं सांगायचं. विद्यार्थी म्हणून माझी वागणूक कशी आहे, ते बाई एका पत्रात लिहून देणार होत्या. माझं एक सत्र आणि प्रबंध बाकी होता.

तिथून मी थेट मित्राच्या खोलीवर गेलो आणि त्याच्यावर तोंड सोडलं. तुझ्यामुळे माझं शिक्षण बुडालं, म्हणालो. त्याचा पाय दोन उशांवर होता. तो म्हणाला, ''मी येऊन सांगतो, ते तास माझे होते.'' मी म्हणालो, ''प्लास्टर घालून भांडी धुतलीस म्हणून सांगणार?'' आणि दार आपटून निघालो. परीक्षा होईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. जाताना भेटलोही नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

जूनमध्ये घरी आलो. लावणी चालू होती. मी चिखलात उतरलो, तेवढंच माझ्या हातात होतं. नवा आय-ट्वेंटी आला आणि वकिलातीची तारीख मिळाली. त्या दिवशी बाबा धोतर-सदरा घालून माझ्याबरोबर मुंबईला आले. आत फक्त मला सोडलं. ते बाहेर फुटपाथवर, मांडीवर जेवणाचा डबा ठेवून बसले.

खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने माझे कागद चाळले. पूर्ण नोंदणीचा दाखला पाहिला, बाईंचं पत्र वाचलं. मग विचारलं, ''तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त काम केलंत?''

''हो. आठवड्याला सहा तास, सहा आठवडे.''

''का?''

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. या वेळी तुम्ही अटी पाळाल याची माझी खात्री पटत नाही, असं त्याने सभ्यपणे सांगितलं आणि पासपोर्ट परत केला. पाच मिनिटंही लागली नसतील.

बाहेर आलो तसे बाबा उठले. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. आम्ही थोडं चाललो, सावलीला बसलो. त्यांनी डबा उघडला आणि भाकरी माझ्यापुढे केली. मी संतापून सगळं सांगायला लागलो, सल्लागार बाई, मुकादमाचं कार्ड, यादी, पत्र. एवढ्या महिन्यांत मी त्यांना सावडीची गोष्ट सांगितलीच नव्हती. नियम मोडला, एवढंच सांगितलं होतं. ते ऐकत राहिले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

''पन त्या पोराचा पाय बरा झाला का?''

मला ते माहीत नव्हतं.

''त्याच्यासाठीच गेलेलास ना?'' बाबा म्हणाले. ''मग इचारायचं तरी.''

मला रडू आलं. व्हिसा नाकारला तेव्हा आलं नव्हतं. बाबा दुसरीकडे बघत जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आगाशीच्या पोस्टात जाऊन मी एरोग्राम, परदेशी पाठवायचं हवाई पत्र, घेतला. मित्र आता कुठे राहत होता, मला ठाऊक नव्हतं. पण तो कार्यालयाला पत्ता कळवणाऱ्यांतला होता. म्हणून मी पत्र सल्लागार बाईंच्या कार्यालयामार्फत पाठवलं. माफी कशी मागायची ते सुचेना. शेवटी पहिल्या ओळीत लिहिलं, तुझा पाय कसा आहे. मग कागद उलटून मागच्या बाजूला आमचा तीन ओळींचा पत्ता सावकाश, स्पष्ट अक्षरांत लिहिला.