शून्याने भागताना

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या हंगामात मी अकोल्यात एका संस्थेच्या सल्ला-केंद्रात कॉम्प्युटरचं काम बघायचे. शेतकरी फोन करून किडीबद्दल विचारत, आमचे कृषी पदवीधर उत्तरं देत. आलेल्या फोनपैकी किती जणांना त्याच दिवशी उत्तर मिळालं, त्याची टक्केवारी तालुकावार दाखवणारा डॅशबोर्ड मी बनवला होता.

भातकुली तालुका नव्याने जोडला आणि त्याच्या रकान्यात आकड्याऐवजी एरर उमटली. कारण साधं होतं. फोन शून्य, उत्तरंही शून्य आणि शून्याने भागाकार होत नाही. मी सूत्रात टाकलं, छेद शून्य असेल तर शून्य दाखव. एरर गेली, पण शून्य टक्के म्हणून डॅशबोर्डवर भातकुली लालभडक झाली.

केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या, "एवढं वाईट काम?"

"काम वाईट नाही मॅडम, फोनच आले नाहीत."

"मग शंभर टक्के दाखव. एकही फोन अनुत्तरित नाही."

तेही खोटंच होतं. शेवटी मी ती जागा कोरी ठेवली, तर आलेखातून भातकुली नाहीशीच झाली. मग आलेखाऐवजी तक्ता केला. शेजारच्या रकान्यात 'आलेले फोन : ०', टक्केवारीचा चौकोन कोरा आणि पुढे शेरा, 'फोन आले नाहीत'. एकूण टक्केवारी मात्र सगळ्या तालुक्यांची उत्तरं भागिले सगळे फोन अशीच काढत होते, त्यामुळे तिला धक्का लागला नाही.

बाळापूरचे भाई आमचं गावोगावचं काम पाहायचे, त्यांची स्वतःचीही कपाशी होती. तक्ता बघून ते म्हणाले, "ताई, हे कावून असं? भातकुलीत अळी नाही का? मले तं पटत नाही."

मलाही तेच छळू लागलं होतं. एरर असताना मी फक्त ती घालवायच्या मागे होते. आता तो कोरा चौकोन विचारत होता, फोन का नाहीत?

दोघं भातकुलीला गेलो. शेतात बोंडं फोडली, आत अळ्या. चौकात आमचं पोस्टर लागलेलं. भाईंनी त्यावरचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

"बोला, शिलाईचं दुकान. अळीचं असंल तं ऐका, हा नंबर त्यांचा नाही."

"रोज येतात का फोन?" मी विचारलं.

"रोज! मशीन बंद करून उत्तर देऊन राहिलो. इतके लोक भेव खाऊन बोलतात, ठेवू कसा मी फोन?"

छपाईत शेवटचा आकडा चुकला होता. भाई हसायला लागले, मग खिशातल्या पेनाने त्यांनी पोस्टरवरचा नंबर खोडला. किती जण तिकडून तसेच परतले असतील, हे दोघांच्याही मनात आलं असावं.

नवी पोस्टरं लागली. भातकुलीचा पहिला फोन मी स्वतः घेतला. बाई पलीकडून दबकत म्हणाली, "दुकानवाले दादा नाही का आता?"